वेलांकणी मातेची नोव्हेना नागपुरात: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ऑगस्टचा शेवटचा आठवडा आला की ओळखीतले दोघे-तिघे तरी मला विचारतात, "त्या वेलांकणीच्या नऊ दिवसांना आम्ही आलो तर चालेल का? आम्ही ख्रिश्चन नाही." चालेल. मीसुद्धा ख्रिश्चन नाही. शेजारच्या तमिळ अक्कांचा हात धरून पहिल्यांदा गेलो आणि मग जातच राहिलो. येणाऱ्याला कोणी हटकत नाही, पण कोणी बसवून समजावतही नाही. गर्दीत माणूस दिसेल त्या रांगेत उभा राहतो, आणि खरी गडबड तिथेच होते. नोव्हेनात, म्हणजे सणाआधीच्या नऊ दिवसांच्या प्रार्थनेत, जवळजवळ सगळं सगळ्यांसाठी मोकळं आहे, फक्त एक रांग तशी नाही. ती कोणती हे पाचव्या पायरीत सविस्तर आहे. घाईत असाल तर निदान तेवढं वाचून जा.

नागपुरात कोणत्याही संताच्या सणाआधी नोव्हेना होऊ शकते. इथल्या कॅथेड्रलचे संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण २४ जानेवारीला असतो, पदुआच्या संत अंतोनींचा १३ जूनला. पण कॅथलिक नसलेले लोक मोठ्या संख्येने येतात ते आरोग्यमाता मरियेच्या, म्हणजे वेलांकणी मातेच्या नोव्हेनाला. म्हणून हा लेख तिच्यापुरताच ठेवतो. मूळ देवस्थान तमिळनाडूत नागपट्टिनमजवळ समुद्रकाठी आहे. १९६२ मध्ये त्याला बॅसिलिकाचा दर्जा मिळाला. वादळात सापडलेले पोर्तुगीज खलाशी ८ सप्टेंबरला, मरियेच्या जन्मदिनाच्या सणाला, तिथे सुखरूप किनाऱ्याला लागले, अशी परंपरा आहे. सण ८ सप्टेंबरचाच, आणि नागपुरातले दिवसही त्यावरूनच मोजले जातात.

१. तारखा उलट्या मोजा

पहिली चूक मोजण्यात होते. सणाचा दिवस नऊ दिवसांत धरायचा नसतो. सण ८ सप्टेंबरला, म्हणून नववा दिवस ७ सप्टेंबर आणि पहिला दिवस ३० ऑगस्ट. त्याच्या आदल्या संध्याकाळी, २९ ऑगस्टला, झेंडा चढवतात. मातेचं चित्र असलेला झेंडा आधी आशीर्वादित करतात, आवारात फिरवतात आणि मग खांबावर चढवतात. जिथे झेंडा आहे तिथे सणाची सुरुवात त्या संध्याकाळीच झालेली असते. ती चुकवू नका, कारण गर्दी कमी असते आणि सगळं नीट बघता येतं.

२०२६ साठी हिशेब असा: झेंडा शनिवारी २९ ऑगस्टला, पहिला दिवस रविवार ३० ऑगस्ट, नववा सोमवार ७ सप्टेंबर, सण मंगळवारी ८ सप्टेंबरला. काही पॅरिश, म्हणजे एकेका चर्चचे स्थानिक विभाग, मोठी मिरवणूक आठवड्याच्या मधल्या दिवशी न काढता जवळच्या रविवारी ठेवतात. त्यामुळे मिस्सेची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेची तारीख आणि मिरवणुकीची तारीख वेगवेगळी विचारा.

याच दिवसांत आपले सणही येतात. २०२४ मध्ये पोळा २ सप्टेंबरला होता, म्हणजे नोव्हेना ऐन भरात असताना दुसऱ्या दिवशी बडग्या-मारबतीची मिरवणूक. २०२५ मध्ये २७ ऑगस्टला गणपती बसले आणि ६ सप्टेंबरला विसर्जन झालं, म्हणजे नोव्हेनाचे पहिले आठही दिवस गणेशोत्सवात गेले. अशा वर्षी महाल-इतवारीतून निघून सदरच्या चर्चकडे पंधरा मिनिटांत पोहोचू हा हिशेब विसरा. २०२६ मध्ये अधिक महिन्यामुळे पोळा आणि गणेश चतुर्थी दोन्ही ८ सप्टेंबरनंतर आहेत, त्यामुळे रस्ते तुलनेने मोकळे मिळतील.

२. चर्च ठरवा आणि फलक वाचा

प्रत्येक चर्चमध्ये नऊच्या नऊ दिवस नोव्हेना होत नाही. कुठे तीनच दिवसांची तयारी असते, कुठे फक्त सणाची मिस्सा. म्हणून ऑगस्टच्या तिसऱ्या आठवड्यात एकदा चर्चवर जाऊन या. दाराशी किंवा पॅरिश कार्यालयाबाहेर फलकावर नऊ दिवसांचं वेळापत्रक लागतं. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, भाषा. नागपूरच्या पॅरिशमध्ये मराठी, हिंदी, इंग्रजी, तमिळ, मल्याळम, कोकणी अशा अनेक भाषांचे लोक असतात, आणि मोठ्या सणाला दिवस भाषांमध्ये वाटून देतात. पहिल्या भेटीला मराठी किंवा हिंदीचा दिवस निवडा. तमिळ दिवसाची गाणी ऐकण्यासारखी असतात, पण पहिल्यांदाच गेलात तर उठायचं कधी आणि बसायचं कधी याचाच मेळ लागत नाही.

दुसरी, त्या दिवसाचा हेतू. एक दिवस आजाऱ्यांसाठी, एक मुलांसाठी, एक कुटुंबांसाठी असं लावलेलं असतं. घरात कोणी आजारी असेल तर आजाऱ्यांच्या दिवशीच त्यांना घेऊन जा. त्या दिवशी बहुधा त्यांच्यासाठी वेगळी प्रार्थना असते, आणि खुर्च्यांची सोयही बऱ्यापैकी होते.

तिसरी, वेळ कशाची लिहिली आहे. "५.३०" हा आकडा जपमाळेचा असू शकतो आणि मिस्सा सहाला. मिस्सेच्या वेळेवर पोहोचणाऱ्याला बसायला जागा मिळत नाही.

३. कागदपत्रं आणि सामान

कागदपत्रं लागत नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला, आधार, नावनोंदणी यातलं काहीही कोणी मागत नाही. मिरवणुकीत चालण्यासाठीही पास नसतो. रस्त्याची आणि पोलिसांची परवानगी पॅरिशवाले काढतात. सोबत एवढंच ठेवा:

- दोन साध्या मेणबत्त्या: एक चर्चमध्ये लावायला, एक मिरवणुकीसाठी
- मेणबत्तीसाठी जाड कागदाचा कोन किंवा तळाला भोक पाडलेला कागदी पेला
- प्रार्थनेची चिठ्ठी, घरूनच लिहिलेली
- सुटे पैसे
- रेनकोट, छत्री नको (कारण पुढे येतं)
- पाण्याची बाटली, आणि चपलांसाठी एक कापडी पिशवी

चपलांचा नियम चर्चगणिक बदलतो. दाराशी चपलांचा ढीग असेल तर काढा, नसेल तर घालून आत जा. पुरुषांनी टोपी काढायची. बायकांनी डोकं झाकायची सक्ती नाही, तरी बऱ्याच जणी पदर किंवा ओढणी घेतात. काही लोक भगव्या कपड्यांत दिसतील. ते नवसाचे वेलांकणीकर, वेलांकणीच्या यात्रेकरूंचा तोच पोशाख आहे.

४. संध्याकाळ कशी पुढे सरकते

आधी जपमाळ. एक जण प्रार्थनेचा अर्धा भाग म्हणतो, उरलेला अर्धा सगळे मिळून. हिंदीत असेल तर "प्रणाम मरिया, कृपापूर्ण" पुन्हा पुन्हा कानावर येईल. पूर्ण माळेत ती प्रार्थना ५३ वेळा होते, म्हणून साधारण वीस मिनिटं धरा. पाठ नसेल तर गप्प बसून ऐका, कोणी वळून बघत नाही.

मग नोव्हेनाची प्रार्थना. ही छापील असते. एका पानाची किंवा छोट्या पुस्तिकेत, बाकांवर ठेवलेली किंवा दाराशी वाटलेली. ती वाचून म्हणता येते. त्यानंतर मिस्सा: वाचनं, प्रवचन, अर्पण, कम्युनियन. काही ठिकाणी क्रम उलटा असतो, मिस्सा आधी आणि नोव्हेनाची प्रार्थना शेवटी. एकूण दीड तास सहज जातो.

उठणं-बसणं पुढच्या बाकाकडे बघून करा. लोक गुडघे टेकतात तेव्हा तुम्ही टेकले नाहीत तरी चालतं, पण उभे राहू नका, बसून राहा. घंटी वाजते आणि सगळे एकदम शांत होतात, तो मिस्सेतला सगळ्यात पवित्र क्षण. तेव्हा फोटो, कुजबुज, बाकावरून ये-जा, सगळं बंद.

५. चार रांगा, आणि त्यातली एक

नोव्हेनाच्या संध्याकाळी चार वेगवेगळ्या रांगा लागतात. बाहेरून त्या सारख्याच दिसतात.

पहिली रांग मेणबत्त्यांची. ती चर्चबाहेर, मातेच्या ग्रोटोपाशी, म्हणजे मूर्तीसाठी केलेल्या गुहेसारख्या जागेपाशी, किंवा लोखंडी स्टँडपाशी असते. सगळ्यांसाठी.

दुसरी चिठ्ठ्यांच्या पेटीची. मागणं किंवा आभार लिहून पेटीत टाकायचे. हीही सगळ्यांसाठी. चिठ्ठीवर पूर्ण पत्ता, फोन नंबर, कोणाच्या आजाराचा सगळा तपशील लिहू नका, कारण काही चिठ्ठ्या माइकवरून वाचल्या जातात. "आईच्या गुडघ्यासाठी", "नोकरी लागली, आभार" एवढं पुरे.

तिसरी रांग मातेच्या मूर्तीची. प्रार्थना संपल्यावर लोक मूर्तीपाशी जातात, पायाला हात लावतात, हार देतात, एखाद्या ठिकाणी फादर डोक्यावर हात ठेवून आशीर्वाद देतात किंवा पवित्र पाणी शिंपडतात. हीसुद्धा सगळ्यांसाठी.

चौथी रांग मिस्सेच्या मध्ये, बाकांवरून उठून थेट वेदीकडे जाते. ही कम्युनियनची. फादर हातात पातळ गोल पांढरी भाकर देतात. लांबून बघणाऱ्याला वाटतं, प्रसाद वाटताहेत. हिंदी मिस्सेत माइकवरून "परमप्रसाद" असाच उल्लेख होतो, त्यामुळे गैरसमज पक्का होतो आणि नवीन माणूस भक्तिभावाने रांगेत जाऊन उभा राहतो. ही रांग मात्र सगळ्यांसाठी नाही. कॅथलिकांच्या श्रद्धेप्रमाणे ती भाकर म्हणजे प्रत्यक्ष ख्रिस्ताचं शरीर, आणि ती घ्यायला बाप्तिस्मा, पहिल्या कम्युनियनची तयारी आणि आधीचा एक तासाचा उपास लागतो. गंभीर पाप मनावर असलेला कॅथलिकसुद्धा आधी पापनिवेदन केल्याशिवाय पुढे जात नाही. म्हणजे हा जातिधर्म बघून केलेला भेदभाव नव्हे. बाकावर बसून राहिलेले कॅथलिकही तुम्हाला दिसतील.

तुम्ही काय करायचं? सरळ बसून राहा. बाकाच्या कडेला असाल तर पाय आखडून इतरांना वाट द्या. आशीर्वाद हवाच असेल तर आधी स्वयंसेवकाला विचारा. बऱ्याच ठिकाणी दोन्ही हात छातीवर फुलीसारखे ठेवून रांगेत गेलं की फादर भाकर न देता आशीर्वाद देतात, पण सणाच्या गर्दीत काही फादर हे टाळायला सांगतात.

आणि चुकून हातात पडलीच तर? ती खिशात, रुमालात किंवा पर्समध्ये ठेवून घरच्यांसाठी नेऊ नका. सगळ्यात मोठा घोटाळा तो आहे, आणि स्वयंसेवक धावत मागे येतात ते त्यासाठीच. तिथल्या तिथे थांबा, फादरना किंवा बाजूच्या सिस्टरना हळूच सांगा, "मी कॅथलिक नाही", आणि परत द्या. कोणी रागावत नाही.

घरी न्यायला काही हवं असेल तर ते शेवटी मिळतं. त्या दिवसाचे यजमान असलेलं कुटुंब किंवा गट मिस्सेनंतर आवारात लाडू, केक, चणे, पोंगल असं काहीतरी वाटतो. ते कितीही जणांसाठी मागून घ्या.

६. मेणबत्ती

साधी पांढरी मेणबत्ती पुरते. वेलांकणीला आणि मुंबईत वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात, पाय, घर, बाळ अशा आकृती विकायला असतात: पाय दुखत असेल तर पाय, घर हवं असेल तर घर. नागपुरात त्या मिळतीलच असं नाही. सणाच्या दिवशी बाहेरच्या दुकानांत दिसल्या तर घ्या, नाही मिळाल्या तर नवस अपुरा राहिला असं काही नाही. मुलाच्या उंचीएवढी मेणबत्ती लावायचा नवसही लोक करतात. ती आणायची असेल तर आधी कार्यालयात विचारा, कारण तेवढी उंच मेणबत्ती स्टँडवर उभी राहत नाही आणि उष्णतेने वाकून शेजारच्यांवर पडते.

लावताना काडी ओढत बसू नका. आधी जळत असलेल्या मेणबत्तीवरून पेटवा. स्टँडला खिळे असतील तर तळ खोचून बसवा, वाळूची परात असेल तर मेणबत्ती दोन बोटं खोल रोवा. तळ वितळवून चिकटवायचा मोह टाळा, त्याने खालचं मेण पाघळतं आणि शेजारची पडते. स्टँड भरलेला असेल तर मेणबत्ती न पेटवता खालच्या पेटीत ठेवा. ती पुढच्या दिवसांत लावतात.

तुमची मेणबत्ती पाच-दहा मिनिटांत स्वयंसेवकाने विझवून काढली तर वाईट वाटून घेऊ नका. नऊ दिवसांच्या गर्दीत सगळ्या पूर्ण जळू दिल्या तर स्टँडवर आग होईल. मेणाच्या थरातच ज्योत पसरू लागली, काळा धूर आणि उंच ज्वाळा दिसल्या, तर मागे सरका आणि स्वयंसेवकाला सांगा. जळत्या मेणावर पाणी कधीही टाकू नका, ते उसळून अंगावर येतं. वाळूच लागते.

चर्चच्या आत, बाकावर किंवा खिडकीत मेणबत्ती लावायची नाही. उदबत्ती आणि कापूरही नाही.

७. अर्पण: फुलं, साडी, नारळ आणि मिस्सेचा हेतू

फुलं सगळ्यात सोपी. इतवारी किंवा बर्डीतून आणलेला झेंडूचा नाहीतर शेवंतीचा हार चालतो. मंगळूर-गोव्याकडची कुटुंबं या नऊ दिवसांत मुलांना रोज फुलं घेऊन पाठवतात आणि मुलं ती मूर्तीसमोर वाहतात. अशी रांग दिसली तर तुमच्याही मुलांना मुठीत फुलं देऊन मागे उभं करा. हार स्वतः मूर्तीच्या गळ्यात घालू नका, बाजूच्या माणसाच्या हातात द्या. मूर्तीला हळद-कुंकू लावायचं नाही.

नारळ घेऊन येणारे पुष्कळ असतात. नारळ द्यायला हरकत नसते, पण तो पायरीवर फोडायचा नाही. अख्खाच अर्पणाच्या टेबलावर ठेवायचा. साडी वाहायची असेल तर ती नवी, घडी न मोडलेली असावी, आणि ती मूर्तीला नेसवली जाईल अशी अपेक्षा नको. अशा साड्या बहुधा गरजूंना दिल्या जातात. तांदूळ, तेल, डाळ यांचंही तसंच. कोणत्या दिवशी काय स्वीकारतात हे कार्यालय सांगतं.

पैसे फक्त आतल्या दानपेटीत किंवा कार्यालयात पावती घेऊन. गेटबाहेर कोणी पुस्तिका दाखवून, क्यूआर कोड पुढे करून "मातेच्या कामासाठी" पैसे मागत असेल तर आत जाऊन विचारून घ्या.

आता मिस्सेचा हेतू. एखाद्या माणसासाठी मिस्सेत प्रार्थना व्हावी असं वाटत असेल तर कार्यालयात नाव देता येतं. माणूस हयात असो वा नसो, कोणत्याही धर्माचा असो, चालतं. त्यासाठी थोडी ठरलेली रक्कम असते, ती विचारून घ्या. रक्कम देणं शक्य नसेल तसं सांगा, चर्चचा नियमच आहे की गरिबाची विनंती पैशाशिवायही घ्यावी. कागदावर तीनच गोष्टी लिहा: नाव, हेतू (आजारपण, आभार, आत्म्याला शांती) आणि दिवस. नोव्हेनात विनंत्या इतक्या असतात की सगळी नावं एकत्र वाचतात आणि घाईत उच्चारही बिघडतो. फक्त तुमच्या माणसासाठी वेगळी मिस्सा हवी असेल तर ती सणानंतरच्या एखाद्या साध्या दिवशी मागा. फादरांनाही तेच सोयीचं जातं.

एक सापळा इथेच सांगतो. बाकांवर कधीकधी "या प्रार्थनेच्या ८१ प्रती वाटा, नाहीतर अनर्थ होईल" असे कागद सापडतात. ते चर्चने छापलेले नसतात. बिनधास्त टाकून द्या. तसंच, मधला एक दिवस चुकला तर नोव्हेना "तुटते" ही भीतीही खरी नाही. त्या दिवशीची प्रार्थना घरी म्हणा आणि दुसऱ्या दिवशी जा. नऊ दिवस मांस सोडणं हासुद्धा ज्याचा त्याचा नवस, नियम नव्हे.

८. मिरवणूक

मिरवणुकीचा क्रम ठरलेला असतो. सर्वांत पुढे क्रूस आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मेणबत्त्या धरलेली मुलं. मग शाळेची किंवा पहिल्या कम्युनियनची मुलं, मग झोननिहाय कुटुंबं आणि संघटनांचे झेंडे, गायकवृंद, नंतर फुलांनी सजवलेल्या गाडीवर किंवा खांद्यावर मातेची मूर्ती, आणि तिच्यासोबत फादर. बाहेरून आलेल्यांची जागा मूर्तीच्या मागे. तिथे कितीही जण सामावतात. पुढच्या रांगांमध्ये घुसलात तर दोरी धरलेला स्वयंसेवक मागे पाठवील, आणि तो बरोबर असेल.

मूर्ती खांद्यावर घेणारी माणसं आधीच ठरलेली असतात. उंची जुळवून जोड्या लावलेल्या असतात, त्यामुळे "मला एक मिनिट द्या" म्हणून खांदा लावायला जाऊ नका. एका बाजूला उंच माणूस आला की सगळं वजन दुसऱ्या बाजूला सरकतं. नवसच असेल तर आठवडाभर आधी पॅरिशमध्ये बोला.

मिरवणूक चालू व्हायच्या आधी मेणबत्त्या पेटवतात, एकाकडून दुसऱ्याकडे. पेटलेली मेणबत्ती सरळ धरायची आणि विझलेली तिच्याकडे तिरपी करायची. पेटलेली वाकवली की गरम मेण दुसऱ्याच्या हातावर सांडतं. पुढच्या माणसापासून हातभर अंतर ठेवा, मोकळे केस आणि सिंथेटिक ओढण्या यांच्याकडे लक्ष असू द्या. लहान मुलांच्या हातात बॅटरीची मेणबत्ती बरी.

सप्टेंबरच्या सुरुवातीला नागपुरात पावसाचा भरवसा नसतो. छत्री का नको, तर छत्रीखाली ज्योत धरली की कापडाला लागते आणि तुमच्या छत्रीचं पाणी शेजाऱ्याच्या मेणबत्तीवर गळतं. रेनकोट घाला, कोनाने ज्योत झाका. विझली तर विझली, पुन्हा शेजाऱ्याकडून घ्या. पाऊस जोरात आला तर मिरवणूक रस्त्यावर न काढता चर्चच्या आवारातच फेरी होते, म्हणून ढग दिसले की आवार सोडू नका.

वाटेत जपमाळ आणि गाणी चालू असतात. मोठमोठ्याने घोषणा द्यायच्या नसतात. मूर्ती पुढे जाताना रस्त्याकडेची माणसं फुलांच्या पाकळ्या उधळतात, त्यात तुम्हीही सामील व्हा. फोटो काढायचा तर कडेला थांबून, मूर्तीसमोर उलटं चालत नाही.

९. एक संध्याकाळ आखून बघू

समजा ८ सप्टेंबर २०२६, मंगळवार. वर्ध्याहून सत्तरीतली आजी, तिची सून आणि आठ वर्षांचा नातू येणार आहेत. फलकावर लिहिलंय: ५.३० जपमाळ, ६ मिस्सा, त्यानंतर मिरवणूक. घरात आभार मानायचे आहेत, आजीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट झालं.

सुनेने आठवडाभर आधी फोन करून मिरवणूक त्याच दिवशी आहे ना आणि मार्ग किती लांब आहे एवढं विचारावं. पावणेपाचला पोहोचावं. आधी बाहेर मेणबत्ती, मग चिठ्ठी पेटीत. या दोन रांगा सव्वापाचनंतर लांबतात, म्हणून हे आधी. आजीला मधल्या वाटेपासून दूर, भिंतीकडच्या बाकावर पंख्याखाली बसवावं. तिथून कम्युनियनच्या वेळी तिला कोणासाठी उठावं लागत नाही. नातवाला आधीच सांगून ठेवावं, की पांढरी गोल भाकर आपल्यासाठी नाही, लाडू नंतर मिळेल. मुलं हे मोठ्यांपेक्षा लवकर समजून घेतात.

सव्वासातच्या सुमारास मिस्सा संपेल. तोवर बाहेर अंधार झालेला असेल, कारण या दिवसांत नागपुरात साडेसहाच्या आत सूर्य मावळतो. आजीने पूर्ण मिरवणूक चालू नये. तिला गेटपाशी खुर्ची मागून द्यावी. मूर्ती तिथूनच निघते आणि तिथेच परत येते, म्हणजे तिला दोनदा दर्शन होतं. सून आणि नातू मूर्तीच्या मागे चालतील. मुलगा दमला तर कोणत्याही वळणावर बाहेर पडता येतं, मध्येच सोडणं अपशकुन नाही. परतल्यावर शेवटचा आशीर्वाद होतो. तिसरी रांग, मूर्तीच्या पायांची, त्यानंतर सगळ्यात छोटी असते. आजीला तेव्हा न्यावं.

गाडी मात्र चर्चच्या आवारात लावू नका. मिरवणूक निघाली की गेट बंद होतं आणि ती परत येईपर्यंत गाडी निघत नाही. वर्ध्याची शेवटची बस किंवा गाडी पकडायची असेल तर ऑटो दोन गल्ल्या पलीकडे उभा करायला सांगा.

१०. दुसऱ्या दिवशी

झेंडा उतरवायचा एक छोटा कार्यक्रम सणाच्या रात्री किंवा नंतर होतो. गर्दी नसते, जमलं तर जा. घरी आणलेलं पवित्र पाणी प्यायचं असेल तर ते भरून ठेवलेलं साधं पाणी असतं आणि पिंप उघडं असू शकतं, हे लक्षात ठेवून आजाऱ्याला देऊ नका, कपाळाला लावा. अर्धवट जळालेली मिरवणुकीतली मेणबत्ती लोक घरी ठेवतात आणि आजारपणात किंवा वीज गेली की लावतात. ठेवायची नसेल तर चर्चच्या पेटीत परत द्या, मेण वितळवून पुन्हा वापरतात. कपड्यावर सांडलेलं मेण पाण्याने घासू नका. बर्फ लावून कडक झालं की नखाने खरवडा, उरलेल्या डागावर वर-खाली वर्तमानपत्राचा कोरा कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवा, कागद मेण शोषून घेतो. रंगीत मेणबत्तीचा डाग मात्र असा पूर्ण जात नाही, म्हणून मिरवणुकीला पांढरीच न्या.